वर्ग आवरत नाही? शिक्षिकेला काढण्याआधी सहा आठवडे असे द्या

आजचा लेख शाळा किंवा क्लास चालवणाऱ्यांसाठी आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून सुधारणा योजनेचा कागद प्रत्यक्षात कसा लिहायचा आणि त्यातले आकडे कसे मोजायचे, ते इथे सविस्तर देतोय.

उदाहरण उलव्यातलं घेऊ. उलव्यातल्या शाळांची एक खास अडचण आहे. सिडकोचा हा नोड अजून भरतोच आहे. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि त्याच वर्षी अटल सेतू सुरू झाला. नवीन बिल्डिंगचा ताबा मिळाला की कुटुंबं राहायला येतात आणि मुलं शाळेत येतात. त्यामुळे एकाच वर्गात पहिलीपासून तिथेच शिकलेली मुलं असतात आणि याच जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून, दुसऱ्या बोर्डातून आलेली मुलंही असतात. वर्गाची घडी दरवर्षी नव्याने बसवावी लागते. नवीन शिक्षकाला हे जड जातं.

आता समजा, तुमच्या शाळेत सातवी ब ला गणित शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. जूनमध्ये रुजू झाल्या. बी.एस्सी., बी.एड. गणित पक्कं. याआधी बारा मुलांच्या खासगी क्लासमध्ये शिकवायच्या. इथे समोर बेचाळीस मुलं, त्यातली नऊ नवीन. जुलै उजाडला तसा शेजारच्या वर्गातल्या सरांनी आवाजाची तक्रार केली. दोन पालक येऊन गेले. ट्रस्टी म्हणाले, "मॅडमना क्लास कंट्रोल नाही. दुसरं कोणी बघा."

थांबा. जुलैमध्ये त्यांना काढलं तर गणिताचा नवीन शिक्षक मिळेपर्यंत ऑगस्ट संपेल. नव्या माणसाला हीच बेचाळीस मुलं मिळतील आणि अडचणही हीच राहील. मधल्या काळात मुलांचे पूर्णांक आणि अपूर्णांक कच्चे राहतील ते वेगळंच. शिवाय "क्लास कंट्रोल नाही" हे वाक्य निदान म्हणून काही कामाचं नाही. "दुकान चालत नाही" म्हणण्यासारखं ते आहे. गिऱ्हाईक येत नाही, की येऊन घेत नाही, की घेऊन पैसे देत नाही? आधी तेवढं तरी वेगळं करायला हवं.

आधी बघा, अडचण नेमकी कोणाची?

कागद लिहायच्या आधी दोन गोष्टी तपासा. याच वर्गात दुसरे शिक्षक असतात तेव्हा काय होतं? आणि याच मॅडम दुसऱ्या वर्गात असतात तेव्हा काय होतं?

आपल्या उदाहरणात सुपरवायझर मॅडमनी असं बघितलं. सातवी ब मराठीच्या तासाला ठीक बसते. विज्ञानाच्या तासाला मात्र, तो मधल्या सुट्टीनंतर असेल तर, तिथेही गोंधळ होतो. गणिताच्या मॅडम सहावी अ ला शिकवतात तेव्हा थोडी कुजबुज असते, पण काम चालतं. मग वेळापत्रक काढलं. सातवी ब चे गणिताचे आठवड्याला पाच तास, त्यातले मंगळवार आणि गुरुवारचे दोन अगदी मधल्या सुट्टीनंतर. सोमवारचा पहिला तास. आणि प्रत्येक तासाला मॅडमना तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर यावं लागतं, म्हणजे घंटा वाजते तेव्हा त्या जिन्यात असतात.

इथे अडचणीचे दोन भाग झाले. एक शाळेचा: वेळापत्रक, जिना, नऊ नवीन मुलांना शाळेची पद्धत कोणी समजावून न सांगणं. दुसरा मॅडमचा: तास सुरू करण्याची ठरलेली रीत नाही, सूचना देताना मुलं ऐकताहेत का हे बघितलं जात नाही. शाळेचा भाग शाळेने उचलायचा आणि तसं त्याच कागदावर लिहायचं. हा भाग तुम्ही गाळलात तर योजना पहिल्याच दिवशी आरोपपत्र होते. आणि आरोपपत्र हातात घेऊन कोणी शिकत नाही, फक्त बचाव करतं.

काय मोजायचं?

या विषयात जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम अजूनही उपयोगी पडतं. त्यांनी वर्गांचं व्हिडिओ चित्रण करून बघितलं की चांगले चालणारे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांत फरक कशाने पडतो. त्यांचं पुस्तक १९७० सालचं. त्यांना आधी वाटलं होतं की मूल चुकल्यावर शिक्षक कसा रागावतो यात फरक असेल. तसा फरक काही सापडला नाही. फरक सापडला तो आधीच्या गोष्टींत: सगळ्या वर्गावर एकाच वेळी लक्ष असणं, एका कामातून दुसऱ्या कामात न अडखळता जाणं, सगळ्या मुलांच्या हाताला काम असणं. म्हणजे गोंधळ झाल्यावर काय केलं यापेक्षा तो होऊच नये म्हणून काय केलं, ते बघायचं.

म्हणून आपण "वर्गातील शिस्त: असमाधानकारक" असा शेरा लिहायचा नाही. मागच्या बाकावर वही-पेन घेऊन बसलेल्या कोणालाही मोजता येतील अशा तीनच गोष्टी घ्यायच्या.

पहिलं मोजमाप: सुरुवातीचा वेळ. घंटा वाजल्यापासून सगळी मुलं वही उघडून कामाला लागेपर्यंत किती मिनिटं गेली? "सगळी" म्हणजे दोन-तीन सोडून सगळी. घड्याळात बघून लिहायचं.

दुसरं मोजमाप: कामात असलेली मुलं. तास सुरू झाल्यावर दहाव्या, पंधराव्या, विसाव्या, पंचविसाव्या आणि तिसाव्या मिनिटाला वर्गावर रांगेने नजर फिरवायची आणि कामात नसलेली मुलं मोजायची. ती पटापट मोजून होतात. एकूणातून वजा केलं की कामात असलेली मुलं मिळतात. पाच वेळांची सरासरी काढायची. इथे व्याख्या आधीच ठरवा, नाहीतर दोन निरीक्षकांचे दोन आकडे येतील. शेजाऱ्याशी गणिताबद्दल बोलणारं मूल कामात आहे. गप्प बसून खिडकीबाहेर बघणारं मूल कामात नाही.

तिसरं मोजमाप: सगळ्या वर्गाला उद्देशून केलेली ओरड. "शांत बसा", "आवाज बंद", "किती वेळा सांगायचं", टेबलावर डस्टर आपटणं. प्रत्येक वेळी एक रेघ. एका मुलाजवळ जाऊन हळू सांगितलं तर ते यात धरायचं नाही, कारण तेच आपल्याला वाढवायचंय.

शांतता हे मोजमाप म्हणून का नाही घेतलं? कारण धाकानेही वर्ग शांत होतो. आकडा गाठायचं दडपण आलं की माणूस सोपा रस्ता धरतो, आणि इथला सोपा रस्ता म्हणजे पट्टी, उठाबशा, सगळ्यांसमोर अपमान. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. म्हणून कागदावर एक अट स्पष्ट लिहा: यातलं काहीही झालं तर बाकीचे आकडे कितीही चांगले असले तरी ते धरले जाणार नाहीत. सोबत दर आठवड्याला कोणत्याही पाच वह्या काढून बघा. वर्ग शांत आहे पण वह्या कोऱ्या आहेत, तर उपयोग काय?

सुरुवातीचे आकडे

योजना सुरू करण्याआधी दोन तास बघा. एक अवघड वेळेचा, एक सोप्या वेळेचा. मॅडमना आदल्या दिवशी सांगून जा. अचानक जाऊन पकडल्यासारखं करू नका. बघणाऱ्याने वर्गात एक शब्द बोलायचा नाही. सुपरवायझरनी मागून "ए, गप्प बस" म्हटलं की आकडा बिघडतोच, वर मुलांना समजतं की मॅडमच्या वर दुसरं कोणीतरी आहे. सीसीटीव्ही बघून मोजायचा मोहही टाळा. त्यात ओरड नीट ऐकू येत नाही, मूल वहीत काय करतंय ते दिसत नाही, आणि चोवीस तास पाळत आहे ही भावना मात्र नक्की तयार होते.

आपल्या उदाहरणातले आकडे असे आले. मंगळवारी, सुट्टीनंतरच्या तासाला, सुरुवातीला ९ मिनिटं गेली. कामात सरासरी २१ मुलं. ओरड ३१ वेळा. शुक्रवारी, दुसऱ्या तासाला, सुरुवातीला ६ मिनिटं, कामात २७ मुलं, ओरड १९ वेळा.

एक साधा हिशोब करा. सरासरी साडेसात मिनिटं, आठवड्याला पाच तास, म्हणजे साधारण ३७ मिनिटं. तास ३५ मिनिटांचा. दर आठवड्याला गणिताचा एक अख्खा तास नुसता सुरू होण्यात जातोय. हा आकडा ट्रस्टींनाही दाखवा आणि मॅडमनाही. "तुमचं वर्गावर नियंत्रण नाही" हे ऐकलं की माणूस दुखावतो. "आठवड्याला आपला एक तास वाया जातोय, तो परत कसा मिळवायचा?" हे ऐकलं की माणूस विचार करायला लागतो.

पहिली बैठक

बैठक मुख्याध्यापिकांनी घ्यायची, दार लावून, ट्रस्टींशिवाय. स्टाफरूममध्ये नाही, आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. सुरुवात अशी होऊ शकते:

"मॅडम, बसा. सातवी ब बद्दल बोलायचंय. मी दोन तासांचे आकडे काढलेत. आधी मला सांगा, तुम्हाला त्या वर्गात सगळ्यात अवघड काय जातं?"

"मॅडम, मी शिकवायला लागेपर्यंतच दमते. सुट्टीनंतर तर कोणी जागेवरच नसतं. चार जणांना बसवलं की दुसरे चार उठतात."

"बरोबर. माझ्याकडे तेच आलंय. मंगळवारी नऊ मिनिटं गेली. यात काही आमच्याकडून व्हायला हवं होतं, ते झालेलं नाही. तेही आज लिहून घेऊ."

त्यांना आधी बोलू दिलं की बहुतेक वेळा अडचण त्याच सांगतात. मग कागद दोघींनी मिळून पुरा करायचा. पण एक गोष्ट गोड बोलण्यात दडवू नका: ही औपचारिक योजना आहे, तिला शेवटची तारीख आहे आणि शेवटी निर्णय होणार आहे. ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. सहा आठवडे "काही नाही हो, नुसती मदत" म्हणायचं आणि शेवटी पत्र हातात द्यायचं, यासारखा विश्वासघात दुसरा नाही.

एका पानाचा कागद

कागद एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. आपल्या उदाहरणात तो असा होता:

१. काय दिसलं: दोन तासांचे वरचे आकडे, तारखेसह.

२. काय अपेक्षित आहे: पाचव्या आणि सहाव्या आठवड्यातल्या चार निरीक्षणांपैकी किमान तीनमध्ये सुरुवात ३ मिनिटांच्या आत, कामात ४२ पैकी किमान ३४ मुलं, ओरड जास्तीत जास्त ८ वेळा.

३. शाळा काय देणार: गुरुवारचा तास सुट्टीनंतरून सकाळी. नऊ नवीन मुलांना वर्गशिक्षकांकडून शाळेच्या पद्धती समजावून सांगणं. मॅडमना आठवड्याला एक मोकळा तास, मराठीच्या मॅडमचा सातवी ब वरचा तास बघायला. या सहा आठवड्यांत त्यांच्यावर बदली तास नाहीत.

४. कसं मोजणार: आठवड्याला दोन निरीक्षणं, तीच सुपरवायझर, तीच पद्धत. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं बैठक.

५. अट: शारीरिक शिक्षा नाही, अपमान नाही.

६. तारखा आणि शेवट: सुरुवातीची तारीख, तिसऱ्या आठवड्याचा आढावा, शेवटची तारीख. शेवटी तीनपैकी एक निर्णय: योजना बंद, एकदाच तीन आठवड्यांची मुदतवाढ, किंवा नेमणुकीबद्दल निर्णय.

खाली दोघींच्या सह्या, आणि एक प्रत मॅडमकडे.

अपेक्षेत "चारपैकी तीन" का? कारण एखाद्या दिवशी आदल्या तासाला खेळाचा सामना असतो, एखाद्या दिवशी बाहेर धो धो पाऊस असतो आणि निम्मा वर्ग भिजलेला असतो. एका वाईट दिवसावर कोणाची नोकरी ठरू नये. तसंच चौतीस का, बेचाळीस का नाही? बेचाळीसपैकी बेचाळीस मुलं पूर्ण वेळ कामात, हे तुमच्या सर्वोत्तम शिक्षकाच्या वर्गातही होत नाही. खात्री नसेल तर आधी त्यांचाच तास मोजा आणि अपेक्षा त्याच्या थोडी खाली ठेवा.

सहा आठवडे मोजताना कॅलेंडर समोर ठेवा. घटक चाचणीचा आठवडा आणि गणपतीची सुट्टी मध्ये आली तर हातात चारच आठवडे उरतात. निदान तीस शिकवण्याचे दिवस मिळाले पाहिजेत.

आठवड्याला एकच गोष्ट

मदत म्हणजे "काही लागलं तर सांगा" नव्हे. दर आठवड्याला एकच कौशल्य घ्यायचं आणि तेवढंच बघायचं.

पहिला आठवडा, तासाची सुरुवात. घंटा वाजताना फळ्यावर तीन गणितं तयार हवीत, कालच्याच धड्यातली, सोपी. मुलं आली की बोलायच्या आधी हाताला काम. पण मॅडम तर जिन्यात असतात! म्हणून त्या आदल्या दिवशीच मॉनिटरकडे कार्ड देतात आणि तो आधीचा तास संपताच गणितं फळ्यावर लिहितो. एवढ्या साध्या गोष्टीने पहिल्या आठवड्यात सुरुवात सात मिनिटांवर आली आणि दुसऱ्यात चारवर.

दुसरा आठवडा, सूचना. मॅडम फळ्याकडे तोंड करून, लिहिता लिहिता सूचना द्यायच्या. आता खडू खाली ठेवायचा, वर्गाकडे वळायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, सूचना एकदाच द्यायची. मग विचारायचं, "कोणतं पान? साहिल नाही, मागून कोणीतरी सांगा." ओरड सरासरी पंधरावर आली.

तिसऱ्या आठवड्यात सगळं उलटलं. सुरुवात पुन्हा पाच मिनिटं, ओरड अठरा. हे जवळपास नेहमीच होतं. नवीन रीत टिकते का, हे मुलं ताणून बघतात. योजना इथेच सोडल्या जातात, म्हणून तिसऱ्या आठवड्याचा आढावा कागदावर आधीपासून असतो.

त्या आढाव्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. सुरुवात सुधारली होती, ओरड आधीपेक्षा कमी होती, पण कामात असलेली मुलं मात्र पंचविसाच्या आसपासच अडकली होती. आकडे एकत्र वाचायचे ते यासाठीच. पहिला आणि तिसरा सुधारतो आणि दुसरा हलत नाही, तर अडचण शिस्तीची राहिलेली नाही. सुपरवायझरनी त्या दिवशी कामात नसलेल्या मुलांचे बाक लिहून घेतले होते. बरीचशी तीच तीच मुलं होती, आणि त्यांच्या वह्या बघितल्या तर अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. जे गणित सुरूच करता येत नाही ते समोर ठेवून मूल दहा मिनिटं किती गप्प बसेल?

म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. सरावात दोन गट: पहिली चार गणितं सगळ्यांना जमतील अशी, पुढची चार चढत्या क्रमाने. आणि मॅडमचा फिरण्याचा मार्ग ठरवला. आधी त्या फळा आणि पहिल्या दोन बाकांच्या मध्येच असायच्या. आता सराव सुरू झाला की मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून सगळ्या रांगा फिरायच्या, वही बघत. कोणी बोलत असेल तर आधी नुसतं जवळ जाऊन उभं राहायचं. थांबला नाही तर हळू नाव घ्यायचं. तरी नाही, तर तासानंतर एकट्याला दोन मिनिटं. सगळ्या वर्गासमोर वाद नाही. चौथ्या आठवड्यात कामात असलेली मुलं तीसवर गेली आणि ओरड नऊवर आली.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात नवीन काही शिकवायचं नाही. फक्त बघायचं.

शेवट

चार निरीक्षणांत सुरुवात ३, ३, ४ आणि २ मिनिटं. कामात ३४, ३६, ३३ आणि ३५ मुलं. ओरड ७, ६, ८ आणि ५. तिन्हींत चारपैकी किमान तीन जमले, म्हणून योजना बंद. ४ मिनिटं आणि ३३ मुलं हा एकच तास होता, मंगळवारचा, सुट्टीनंतरचा. म्हणजे तो तास अजून कच्चा आहे. एका महिन्याने तोच पुन्हा बघायचा, हेही बंद करताना लिहून ठेवलं. योजना संपली की मोकळा तास जातो, बदली तास परत येतात, आणि जुनी सवय डोकं वर काढते.

आकडे जमले नसते तर? आकडे वर चाललेत पण पोचले नाहीत, तर मुदतवाढ, एकदाच. आकडे हलतच नाहीत आणि शाळेने आपला भाग पूर्ण दिला आहे, तर निर्णय घ्यायचा. तिथे कायदा माहीत हवा. मान्यताप्राप्त खासगी शाळांना, अनुदानित असो वा विनाअनुदानित, महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम, १९७७ आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. कायम रिकाम्या जागेवरची नेमणूक आधी प्रोबेशनवर असते. त्या काळात काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते. पण प्रोबेशनवरच्या शिक्षकाच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकांनी करून त्याची नोंद ठेवायची, असं नियम १५ सांगतो. त्याच नियमानुसार गोपनीय अहवाल लिहिला नाही, किंवा त्यातला प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. म्हणजे "सगळ्यांना माहीतच होतं" हे शाळा न्यायाधिकरणासमोर चालत नाही. शिक्षक कायम झाले असतील तर रस्ता वेगळा आणि लांब आहे. तेव्हा वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पत्र काढू नका. खासगी क्लासला हा कायदा लागत नाही, पण हाच कागद तिथेही तितकाच उपयोगी आहे.

आणि एक इशारा. निर्णय आधीच झालेला असेल, फक्त फाईल भरायची म्हणून योजना करायची असेल, तर करू नका. ते ओळखायला सोपं असतं: अशा कागदावर "शाळा काय देणार" हा रकाना रिकामा असतो. तुमच्या कागदावरचा तिसरा मुद्दा आधी भरा, मोकळा तास खरंच वेळापत्रकात घाला, आणि मगच मॅडमना केबिनमध्ये बोलवा.